क्रियापदाआधीच संपणारे शीर्षक

समजा, एका वृत्तसंस्थळाने मोबाइलसाठी छोटी सचित्र गोष्ट तयार केली आणि तिला शीर्षक दिले: ‘शहरात येत्या गुरुवारी दिवसभर पाणीपुरवठा बंद राहणार नाही’. अफवा पसरली होती, तिचे खंडन करायचे होते. हेतू चांगला, वाक्य शुद्ध. पण वाचकाच्या फोनवर त्या गोष्टीचे जे छोटेसे उभे कार्ड आले, त्यात जागा तीन ओळींचीच होती. तिसरी ओळ संपली तिथे तीन टिंबे आली आणि वाचकाला दिसले ते इतकेच: ‘शहरात येत्या गुरुवारी दिवसभर पाणीपुरवठा बंद राहणार…’

खंडन करायला निघालेल्या शीर्षकाने अफवेवरच शिक्कामोर्तब केले. ज्यांनी कार्डावर बोट ठेवले त्यांना पुढच्या पानावर खरे काय ते कळले. पण बहुतेक लोक कार्डावर बोट ठेवत नाहीत. ते नुसते वाचून पुढे सरकतात आणि बादल्या भरून ठेवतात.

उदाहरण रचलेले आहे, पण अडचण खरी आहे आणि ती खास मराठीची आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागे. यंत्र शीर्षक कापते ते नेहमी शेवटाकडून. म्हणजे मराठी शीर्षकातला सर्वांत मोलाचा शब्द नेमका सर्वांत धोक्याच्या जागी बसलेला असतो. ‘वेब स्टोरी’ या प्रकाराच्या मुखपृष्ठावर आणि पानापानावर काय लिहावे, हा प्रश्न मराठीत उलगडायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

वेब स्टोरी म्हणजे काय, हे अनेकांनी पाहिलेले असते, नाव मात्र ठाऊक नसते. फोनवर गुगलचे अ‍ॅप उघडले की काहीही न शोधता खाली बातम्यांची आणि लेखांची एक रांग दिसते. तिचे नाव ‘डिस्कव्हर’. त्या रांगेत मधूनच उभ्या चित्रांची एक आडवी माळ येते. त्यातल्या एका चित्रावर टॅप केले की पूर्ण पडदा व्यापणारी गोष्ट सुरू होते. उजवीकडे टॅप केले की पुढचे पान, डाव्या कडेला टॅप केले की मागचे. इन्स्टाग्रामच्या ‘स्टोरी’सारखेच दिसते, पण ही गोष्ट चोवीस तासांत नाहीशी होत नाही. ती प्रकाशकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे एक पान असते, तिला स्वतःचा पत्ता असतो. गुगलने हा प्रकार २०१८ साली ‘एएमपी स्टोरीज’ या नावाने आणला, २०२० मध्ये त्याचे ‘वेब स्टोरीज’ असे नवे बारसे झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्कव्हरमध्ये तिची माळ सुरू झाली. ती सुरुवातीला ज्या तीन देशांत आली त्यांत अमेरिका आणि ब्राझीलबरोबर भारत होता. मराठी दैनिकांची आणि वाहिन्यांची संस्थळे तेव्हापासून अशा गोष्टी भरभरून बनवत आहेत.

शोधयंत्रात वाचक स्वतः काहीतरी विचारतो, म्हणून तिथले शीर्षक हे उत्तर असते. डिस्कव्हरमध्ये वाचकाने काहीच विचारलेले नसते. गुगलने त्याच्या आवडीनिवडीचा अंदाज बांधून ते कार्ड त्याच्यासमोर ठेवलेले असते. बसस्टॉपवर उभा असलेला माणूस समोरच्या भिंतीवरचे पोस्टर जसे वाचतो, तसे ते वाचले जाते. म्हणजे कार्डाने दोन गोष्टी एका नजरेत सांगायला हव्यात: विषय कोणता आणि त्यात नवे काय.

हे सांगणारा मजकूर एका जागी नसतो, तीन जागी असतो, आणि या तिन्हींची गल्लत हीच नवशिक्या हातांची सर्वांत मोठी चूक ठरते. पहिली जागा शीर्षकाची. हे शीर्षक गोष्टीच्या चित्रात नसते. ते पानाच्या संकेतभाषेत, म्हणजे कोडमध्ये, वेगळे लिहिलेले असते आणि गुगल ते उचलून कार्डावर स्वतःच्या टंकात छापते. दुसरी जागा ‘पोस्टर’ची, म्हणजे कार्डावरच्या चित्राची. तिसरी जागा गोष्टीच्या पहिल्या पानाची, जे टॅप केल्यानंतरच दिसते. कोडमध्ये पहिल्या दोघांचे स्थान असे असते:

```html
<amp-story standalone
  title="लोणार सरोवराचे पाणी गुलाबी का झाले?"
  publisher="प्रकाशकाचे नाव"
  publisher-logo-src="logo.png"
  poster-portrait-src="lonar.jpg">
```

बहुतेक संपादकांना हे कोड कधी पाहावे लागत नाही. वर्डप्रेससारख्या साधनांत शीर्षकाची आणि पोस्टरची स्वतंत्र चौकट भरली की झाले. पण ती चौकट स्वतंत्र आहे, हेच अनेकदा विसरले जाते. मग काय होते? कोणीतरी पहिल्या पानाचाच स्क्रीनशॉट घेऊन तो पोस्टर म्हणून चिकटवते. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत मथळा होताच, तो चित्राबरोबर आला. त्याच्यावर गुगलने आपले शीर्षक छापले. एकावर एक दोन मथळे, दोन्ही अर्धवट. म्हणूनच गुगलच्या मार्गदर्शनात पोस्टरवर अक्षरे कोरू नका असे सांगितले आहे. चित्रात कोरलेली अक्षरे दृष्टिहीन वाचकाच्या पडदावाचकाला वाचता येत नाहीत, आणि लहान पडद्यावर ती बारीक होऊन निरुपयोगी ठरतात, हेही आहेच.

पोस्टरचा आकारही वेगळा. गोष्टीचे पान नऊ रुंद तर सोळा उंच अशा प्रमाणात पडदा भरते. पोस्टर मात्र तीनास चार या प्रमाणात लागते, किमान ६४० बाय ८५३ पिक्सेलचे. १०८० रुंद आणि १९२० उंच चित्र तीनास चारमध्ये कापले तर उंची १४४० उरते. म्हणजे ४८० पिक्सेल गेले, उंचीचा चौथा हिस्सा. मधोमध कापले तर वरून २४० आणि खालून २४०. पानाच्या डोक्यावर ठेवलेला माणसाचा चेहरा किंवा किल्ल्याचा बुरूज नेमका याच पट्ट्यात असतो.

आता ज्याचे शीर्षक वर कोडमध्ये दिले, ते लोणारचे उदाहरण पुरते घेऊ. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये हिरवट रंगाचे गुलाबी झाले. फोटो देशभर फिरले. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि कारण सांगितले: अतिखारट पाण्यात वाढणारे ‘हॅलोआर्किया’ नावाचे सूक्ष्मजीव, जे गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. विषय वेब स्टोरीसाठी सोन्यासारखा: डोळ्यांत भरणारे चित्र आहे, प्रश्न आहे आणि उत्तरही आहे.

अशा विषयावर घाईत सुचणारे शीर्षक ठरलेले असते. ‘लोणारमध्ये नेमके काय घडले? कारण ऐकून थक्क व्हाल!’ हे वाचून विषय कळत नाही. तलाव, पाणी, रंग यांपैकी एकही शब्द नाही. आहे ती फक्त थक्क होण्याची हमी, तीही वाचकाच्या वतीने परस्पर दिलेली. डिस्कव्हरच्या नियमांत याला स्पष्ट मनाई आहे. मजकूर कशाबद्दल आहे हे कळण्यासाठी लागणारी महत्त्वाची माहिती शीर्षकातून किंवा चित्रातून दडवून वाचकाला ओढू नये, अतिशयोक्ती करू नये, विकृत कुतूहल किंवा संताप चाळवू नये, असे गुगलने प्रकाशकांना सांगितले आहे. नियम आहेत म्हणून असे मथळे बंद झाले, असे म्हणायला जागा नाही. कोणीही आपल्या फोनवर दोन मिनिटे बोट फिरवले तरी त्यांची रांग दिसेल.

पण प्रश्नार्थक शीर्षक म्हणजे आपोआप फसवे, असेही नाही. ‘लोणार सरोवराचे पाणी गुलाबी का झाले?’ हाही प्रश्नच आहे. फरक असा की त्यात जागा आहे, घटना आहे आणि रंग आहे. वाचकाला विषय पूर्ण कळला, राहिले ते फक्त कारण, आणि कारण सांगणे हेच तर गोष्टीचे काम. दडवणे आणि शिल्लक ठेवणे यांत हा भेद आहे. पहिल्या शीर्षकावर टॅप न करणाऱ्याला काहीच मिळत नाही. दुसऱ्यावर टॅप न करणाऱ्यालाही निदान एवढे कळते की लोणारचे पाणी गुलाबी झाले होते.

आता या शीर्षकाची लांबी मोजून पाहू, कारण इथे देवनागरीचा एक गमतीशीर पेच आहे. गुगलचे सांगणे असे की वेब स्टोरीचे शीर्षक ९० कॅरेक्टरच्या आत असावे, आणि शक्यतो ७० च्या आत. मराठी माणूस अक्षरे मोजतो तशी या शीर्षकाची मोजली तर ती १६ भरतात: लो, णा, र, स, रो, व, रा, चे, पा, णी, गु, ला, बी, का, झा, ले. पण संगणक तशी मोजत नाही. त्याच्यासाठी ‘लो’ म्हणजे दोन चिन्हे, ल आणि ओकाराची मात्रा. जोडाक्षरातला हलन्तही तो वेगळा मोजतो. त्या हिशेबाने, मधल्या मोकळ्या जागा आणि प्रश्नचिन्ह धरून, हेच शीर्षक ३५ भरते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, संगणकाला तो दहा चिन्हांचा. ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर, त्याच्या लेखी सहा चिन्हे.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. साधनातला आकडा लाल झाला म्हणून संपादक शीर्षक उगाच छाटतो, जेव्हा पडद्यावर ते आरामात बसणारे असते. कधी उलटे होते: आकडा हिरवा असतो, पण शीर्षकात ‘बुलढाण्यातल्या’सारखे दोनतीन ऐसपैस शब्द असतात आणि ओळ मोडते. मराठीत विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्द लांब होतात. ते मध्येच तोडून खालच्या ओळीत नेणे यंत्राला जमत नाही. मग पहिली ओळ अर्धी रिकामी राहते आणि तीन ओळींतला मजकूर प्रत्यक्षात दोन ओळींचाच होतो. वाचकाने फोनमधल्या अक्षरांचा आकार वाढवलेला असेल, आणि चाळिशीनंतर बरेच जण वाढवतात, तर कात्री आणखी आधी लागते. म्हणून आकड्यावर विसंबण्यापेक्षा साध्या, लहान फोनवर कार्ड उघडून पाहणे जास्त खात्रीचे. छापखान्याच्या काळात उपसंपादक मथळा दोन कॉलमांत बसतो का हे मोजून पाहत. तेच काम आता काचेवर करायचे आहे, इतकेच.

मग क्रियापदाचे काय करायचे? पहिला उपाय म्हणजे वाक्य इतके आखूड ठेवायचे की क्रियापद दुसऱ्या ओळीतच येऊन जाईल. लोणारच्या शीर्षकात ‘झाले’ पस्तिसाव्या चिन्हाआधी येते, म्हणून ते सुरक्षित. दुसरा उपाय, नकार मोडून होकारार्थी लिहायचे. सुरुवातीच्या पाणीपुरवठ्याच्या शीर्षकाला ‘गुरुवारी नळाला पाणी येणार, कपातीची अफवा खोटी’ असे केले तर मुख्य निरोप पहिल्या चार शब्दांत पोचतो आणि पुढचे कापले गेले तरी अर्थ उलटत नाही. तिसरा उपाय म्हणजे क्रियापद गाळून नामाचा मथळा करणे: ‘लोणार गुलाबी करणारे सूक्ष्मजीव’. हा सुटसुटीत आहे, उत्तरही देऊन टाकतो. फक्त यात घटनेची चाहूल कमी लागते. विज्ञानाच्या वाचकासाठी तो चांगला, सर्वसाधारण वाचकासाठी प्रश्न बरा.

शीर्षक ठरले, पोस्टर ठरले. लोणारचे विवर साधारण १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. त्याचे आकाशातून घेतलेले गोल चित्र आडवे असते आणि तीनास चारच्या उभ्या चौकटीत कोंबले की दोन्ही कडा जातात, गोलाई नाहीशी होते. त्यापेक्षा काठावरून घेतलेला उभा फोटो बरा, ज्यात गुलाबी पाणी मध्यभागी आहे आणि खालचा भाग शांत आहे, म्हणजे शीर्षकाची अक्षरे गर्दीत हरवणार नाहीत.

आता पहिले पान, म्हणजे खरे मुखपृष्ठ. इथे एक पेच असतो. कार्डावरून आलेल्या वाचकाने शीर्षक क्षणापूर्वीच वाचलेले आहे. तेच पुन्हा वाचायला लावले तर त्याचे बोट लगेच पुढे जाते. पण कोणी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दुव्यावरून थेट गोष्टीत शिरला तर त्याने शीर्षक पाहिलेले असेलच असे नाही. त्यामुळे मुखपृष्ठाने शीर्षकातला आशय ठेवायचा, शब्द मात्र बदलायचे आणि एक पाऊल पुढे टाकायचे. लोणारसाठी मोठ्या अक्षरांत ‘गुलाबी लोणार’ आणि खाली छोट्या ओळीत ‘जून २०२०: हिरवट पाण्याने रंग बदलला’ इतके पुरते. तारीख शीर्षकात नव्हती, ती इथे आली.

हा मजकूर पानावर कुठे ठेवायचा यालाही मर्यादा आहेत. वर प्रगती दाखवणाऱ्या बारीक रेघा असतात, खाली बाहेरच्या दुव्याचे बटण येऊ शकते. गुगलच्या वर्डप्रेस साधनात पानाचा सुरक्षित भाग ४१२ बाय ६१८ असा आखलेला असतो. चित्र त्याच्या वर आणि खाली पसरू शकते, अक्षरे मात्र आतच ठेवायची. देवनागरीला आणखी एक काळजी. वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. रोमन लिपीसाठी बेतलेले दोन ओळींमधले अंतर ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. शिवाय निवडलेल्या टंकात देवनागरी आहे की नाही हेही पाहावे लागते. नसेल तर फोन स्वतःच्या टंकात अक्षरे दाखवतो आणि संगणकावर देखणे दिसलेले पान फोनवर वेगळेच होऊन बसते. ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ हे मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले टंक मुळात देवनागरीचा विचार करून घडवलेले आहेत आणि मोफत मिळतात, मोठ्या मथळ्याला ‘बलू’चा गोलसर जाडपणा शोभतो, तर बारीक मजकुराला ‘मुक्ता’ वाचायला सोपा जातो.

पुढची पाने. प्रत्येक पानाला छोटे शीर्षक आणि खाली दोनतीन ओळी, हा सर्वांत रुळलेला घाट. इथे होणारी चूक म्हणजे पानाचे शीर्षक हे लेबल होऊन बसते. ‘कारण’, ‘पार्श्वभूमी’, ‘संशोधन’, ‘निष्कर्ष’. शाळेच्या निबंधाचे मुद्दे वाटावेत असे. त्या शब्दांतून वाचकाला काहीच मिळत नाही; माहिती मिळवायची तर खालचा मजकूर वाचावाच लागतो, आणि टॅप करत जाणारा वाचक तो वाचतोच असे नाही. त्यापेक्षा पानाचे शीर्षक म्हणजे त्या पानाचे म्हणणे असावे. लोणारची आठ पाने मग अशी उभी राहतात.

‘गुलाबी लोणार’ हे मुखपृष्ठ. दुसरे पान: ‘उल्केने खोदलेले विवर’. तिसरे: ‘समुद्र दूर, तरी पाणी खारट’. चौथे: ‘उन्हाळ्यात पाणी आटले’. पाचवे: ‘खारटपणा वाढत गेला’. सहावे: ‘रंग सूक्ष्मजीवांचा’. सातवे: ‘गुलाबी रंग तळाशी बसला’. आठवे: ‘त्याच वर्षी रामसर यादीत’.

खालचा मजकूर झाकून फक्त ही शीर्षके ओळीने वाचली तरी कारण आणि परिणाम यांची साखळी कळते. अशी साखळी लागते की नाही, हीच तपासणी. मधले एखादे शीर्षक काढले आणि काहीच बिघडले नाही, तर ते पान बहुधा भरतीचे आहे. वरच्या यादीत चौथे आणि पाचवे पान एकत्र करता येईल असे वाटेल; पण पाणी आटणे आणि त्यामुळे क्षार दाट होणे या दोन पायऱ्या वेगळ्या दाखवल्या तर सहाव्या पानावरचे उत्तर वाचकाला आपणच शोधल्यासारखे वाटते. ज्या वाचकाने आयुष्यात आमटी आटवली आहे, त्याला ती जास्त खारट का होते हे समजावून सांगावे लागत नाही.

सहाव्या पानावरचा मजकूर असा असू शकतो: ‘खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पाणी आटून खारटपणा वाढला तशी त्यांची संख्या वाढली.’ संगणकाच्या मोजणीने हा १२५ भरतो. इथेही एक रेघ आखलेली आहे. बहुसंख्य पानांवर १८० पेक्षा जास्त कॅरेक्टर मजकूर असलेल्या गोष्टी गुगल ‘मजकुराने जड’ मानते आणि आपल्या माळेत घेत नाही. मराठीत १८० म्हणजे साधारण वीस ते तीस शब्द. अख्खा लेख कापून दहा पानांवर चिकटवला, तर ही रेघ दुसऱ्याच पानावर ओलांडली जाते.

दुसऱ्या पानाच्या बाबतीत एक मोह टाळायला हवा. ‘विवराचे वय अमुक हजार वर्षे’ असा ठसठशीत आकडा शीर्षकात घालावासा वाटतो. पण लोणारच्या वयाबद्दल संशोधकांची मोजमापे जुळत नाहीत. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. जिथे जाणकारांचेच एकमत नाही, तो आकडा शीर्षकात घालायचा नसतो, कारण शीर्षकात ‘सुमारे’लाही जागा नसते आणि ‘मतभेद आहेत’ म्हणायलाही. तो खालच्या मजकुरात जावा, किंवा या गोष्टीत नसलाच तरी चालेल. तेच दैत्यसूदन मंदिराचे आणि लवणासुराच्या कथेचे. दोन्ही लोणारला जाणाऱ्याने पाहावेत, ऐकावेत असेच आहेत, पण रंगाच्या गोष्टीत ते पान म्हणून आले तर धागा तुटतो. त्यांची स्वतंत्र गोष्ट करता येईल.

शेवटच्या पानाची चूक सर्वांत महाग पडते. कित्येक गोष्टी सातव्या पानापर्यंत कुतूहल वाढवत नेतात आणि आठव्यावर म्हणतात, ‘खरे कारण जाणून घेण्यासाठी इथे टॅप करा’. म्हणजे वेब स्टोरी ही लेखाची जाहिरात झाली. अत्यावश्यक माहितीसाठी वाचकाला दुसऱ्या पानावर जावे लागणाऱ्या अशा अर्धवट गोष्टी गुगलच्या धोरणात बसत नाहीत. सविस्तर लेखाचा दुवा द्यायला हरकत नाही. पण गोष्टीत दिलेला शब्द गोष्टीतच पाळलेला हवा. हाच हिशेब आकड्यांच्या शीर्षकांनाही लागू होतो. ‘पावसाळ्यात पाहावेत असे ७ धबधबे’ म्हटले आणि आत पाच निघाले, दोन साइटवर, तर वाचक पुन्हा त्या प्रकाशकाच्या कार्डावर बोट ठेवताना विचार करतो.

चूक कुठे झाली हे ओळखायला दोन जागी पाहावे लागते. गुगलच्या ‘सर्च कन्सोल’मध्ये डिस्कव्हरचा वेगळा अहवाल मिळतो, अर्थात गोष्ट पुरेशा लोकांना दिसली असेल तरच. कार्ड किती वेळा दिसले आणि किती जणांनी टॅप केले, हे त्यात असते. पुष्कळांना दिसून थोड्यांनीच टॅप केले असेल तर दोष शीर्षकात किंवा पोस्टरमध्ये शोधायचा. टॅप भरपूर, पण दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच लोक परतले असतील, तर कार्डाने एक सांगितले आणि मुखपृष्ठाने दुसरेच दाखवले असण्याची शक्यता मोठी. कोण कुठल्या पानापर्यंत पोचला याची नोंद अ‍ॅनालिटिक्समध्ये ठेवता येते. मधल्या एकाच पानावर मोठी गळती दिसली, तर बहुधा तिथले शीर्षक लेबल आहे किंवा मजकूर फार झाला आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय निदान करू नये, नाहीतर दोष पाचव्या पानात असतो आणि छाटले जाते शीर्षक.

एक काळजी मात्र कुठल्याच अहवालात दिसत नाही. वेब स्टोरी वर्षानुवर्षे आपल्या पत्त्यावर राहते, आणि डिस्कव्हर वाचकाच्या आवडीला जुळणारा जुना मजकूरही पुढे आणू शकते. ‘आज’, ‘उद्या’, ‘नुकतेच’ असे शब्द शीर्षकात असले की तेच शीर्षक सहा महिन्यांनी खोटे बोलू लागते. लोणारच्या शीर्षकात म्हणून ‘झाले’ असा भूतकाळ आहे आणि मुखपृष्ठावर ‘जून २०२०’ आहे. ‘लोणारचे पाणी गुलाबी’ असे वर्तमानात लिहिले असते, तर ते वाचून आज कोणी गाडी काढून बुलढाण्याला निघाला असता. सरोवराचा तो गुलाबी रंग केव्हाच ओसरला आहे.